नवा वर्ग, नवे शिक्षक आणि पहिल्या आठवड्यातलं मत

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात आमच्या दवाखान्यात दोन तक्रारी हमखास वाढतात. एक, पहिल्या पावसात भिजून आलेला सर्दी-ताप. दुसरी, सकाळी साडेसहाला सुरू होऊन शाळेची वेळ टळली की थांबणारी पोटदुखी. या दुसऱ्या तक्रारीबरोबर येणारी वाक्यंही ठरलेली असतात. "वर्गातली मुलं चांगली नाहीत", "सर फार खडूस आहेत", "बाई मात्र छान आहेत". शाळा सुरू होऊन जेमतेम आठ-दहा दिवस झालेले असतात, पण मत पक्कं झालेलं असतं.

ही मतं कशी बनतात आणि त्यांच्यावर किती विसंबायचं, ते आज समजून घेऊ. मानसशास्त्रात यासाठी दोन संकल्पना आहेत, 'मिअर एक्स्पोजर इफेक्ट' आणि 'हॅलो इफेक्ट'. नावं जड वाटली तरी गोष्टी रोजच्याच आहेत. एका मुलीच्या उदाहरणावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी आठवीतली. वडिलांची बदली झाल्यामुळे तालुक्याच्या गावातून शहरातल्या मोठ्या शाळेत आली होती. आधीच्या वर्गात तीस मुलं होती, इथे साठ. बेंबीच्या आसपास दुखायचं, सकाळी दुखायचं, रविवारी दुखायचं नाही. वजन, भूक, झोप, शौच सगळं ठीक होतं. पोट तपासलं, मऊ होतं. लघवीची तपासणी केली, तीही व्यवस्थित आली.

आई म्हणाल्या, "डॉक्टर, गणिताच्या सरांचा तिनं धसकाच घेतलाय. आमच्या बिल्डिंगमधल्या वहिनी आधीच म्हणाल्या होत्या, ते फार कडक आहेत म्हणून. इंग्रजीच्या बाई मात्र सोन्यासारख्या."

मुलीला विचारलं, "आणि वर्गातल्या मुली?"

"शिष्ट आहेत. कुणी बोलत नाही माझ्याशी."

मी त्यांना धीर दिला आणि सांगितलं की नव्या शाळेचा ताण आहे, पोटात काही गंभीर दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा या. हे निदान बरोबर होतं, पण अपुरं होतं. काय राहिलं होतं ते पुढे येईलच.

'शिष्ट' मुली मैत्रिणी कशा होतात

आधी वर्गमैत्रिणींचं पाहू, कारण तो भाग बराचसा आपोआप सुटतो.

रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये एक साधी गोष्ट दाखवून दिली. लोकांना अर्थ नसलेले शब्द, न कळणारी चित्रलिपी आणि अनोळखी चेहऱ्यांचे फोटो कमी-अधिक वेळा दाखवले. काही एकदा, काही दोनदा, काही पाच, दहा, तर काही पंचवीस वेळा. जे जास्त वेळा दिसलं ते लोकांना जास्त आवडलं. ना त्याबद्दल कुणी काही चांगलं सांगितलं होतं, ना त्यातून काही फायदा झाला होता. नुसतं पुन्हा पुन्हा नजरेस पडणं पुरेसं होतं. हाच मिअर एक्स्पोजर इफेक्ट, म्हणजे निव्वळ सवयीच्या दर्शनाने वाटू लागणारी आपुलकी.

पण फोटो आणि खराखुरा वर्ग यांत फरक असतो. म्हणून मला मोरलँड आणि बीच या दोन संशोधकांचा 1992 मधला प्रयोग जास्त आवडतो. दिसायला साधारण सारख्या अशा चार तरुणी त्यांनी निवडल्या आणि त्यांना कॉलेजच्या एका मोठ्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसायला पाठवलं. एक पूर्ण सत्रात पाच तासांना आली, दुसरी दहा, तिसरी पंधरा तासांना. चौथी एकदाही आली नाही. त्यांनी कुणाशीही बोलायचं नाही, फक्त यायचं, पुढे दिसेल अशा जागी बसायचं आणि तास संपला की निघून जायचं, असं ठरलं होतं. सत्र संपल्यावर वर्गातल्या मुलांना चौघींचे फोटो दाखवले. जी जास्त वेळा आली होती ती मुलांना अधिक छान आणि अधिक आपल्यासारखी वाटली. गंमत म्हणजे, "हिला तुम्ही ओळखता का?" या प्रश्नाच्या उत्तरात मात्र फारसा फरक नव्हता. म्हणजे ओळख पटण्याआधीच आवड तयार झाली होती.

असं का होतं? एक कारण असं की नवीन चेहरा दिसला की मेंदू थोडा सावध होतो. हा कोण, याच्यापासून काही धोका आहे का? तोच चेहरा दहा वेळा दिसला आणि काही वाईट घडलं नाही, तर सावधपणा सैल पडतो. दुसरं कारण असं की पाहिलेली गोष्ट पुन्हा पाहताना मेंदूला कमी कष्ट पडतात, आणि ती सहजता आपल्याला 'आवड' म्हणून जाणवते.

आता आपल्या मुलीकडे येऊ. पहिल्या आठवड्यात तिला साठ अनोळखी चेहरे दिसत होते. इतर मुली मात्र एकमेकींना पाचवीपासून पाहत आल्या होत्या. त्या शिष्ट असतीलही, पण तिला जे जाणवत होतं त्याचं साधं कारण हा फरक असू शकतो. तिच्यासाठी सगळ्या नव्या, आणि त्या सगळ्यांसाठी ती एकटी नवी. त्यांच्या बाजूनेही तोच सावधपणा होता.

मी आईला एकच गोष्ट सांगितली, तिला शाळेच्या व्हॅनमधून जाऊ द्या. वडील रोज स्कूटरवर सोडत होते, काळजीपोटीच. व्हॅनमध्ये त्याच सहा-सात मुली सकाळ-दुपार दिसणार होत्या. आठवड्याचे सहा दिवस धरले तर तीन आठवड्यांत छत्तीस वेळा. बोलायची सक्ती नाही, मैत्री करायची सक्ती नाही. तुम्हीही मुलांना "जा, बोल तिच्याशी, मैत्री कर" असं ढकलू नका. लाजऱ्या मुलाला त्याचं ओझं होतं. त्यापेक्षा तेच चेहरे पुन्हा पुन्हा समोर येतील अशी सोय करून द्या. तोच बाक, तीच व्हॅन, तोच क्लास.

याला मर्यादा आहेत आणि त्या पालकांना माहीत असायलाच हव्यात. हा परिणाम छोटा असतो. तो दार उघडतो, पण मैत्री पुढे बोलण्या-वागण्यानेच होते. तो वाढतच जातो असंही नाही, काही भेटींनंतर थांबतो आणि अतिपरिचयाने कंटाळाही येतो. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, सुरुवात तटस्थ किंवा जरा बरी असेल तरच तो कामाला येतो. पहिला अनुभवच वाईट असेल, तर पुन्हा पुन्हा समोर येण्याने नावड वाढूही शकते. एखादा मुलगा तुमच्या मुलाला रोज चिडवतो, डबा हिसकावतो, ढकलतो, तर "राहू दे, सवय होईल" हे उत्तर नाही. तिथे रोजची भेट म्हणजे रोजचा त्रास. शाळेशी बोलायला हवं.

एका गुणावरून सगळी गुणपत्रिका

शिक्षकांबद्दलचं मत जरा वेगळ्या वाटेने बनतं. हॅलो म्हणजे देवादिकांच्या चित्रात डोक्यामागे दाखवतात ते तेजोवलय. माणसाचा एक ठळक गुण डोळ्यांत भरतो आणि त्याचा उजेड त्याच्या बाकीच्या सगळ्या गुणांवर पडतो. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये हे नाव रूढ केलं. लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्यांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व आणि स्वभाव यांसाठी वेगवेगळे गुण देत होते, पण ते सगळे गुण संशय यावा इतके एकमेकांशी जुळत होते. अधिकारी माणसाचे वेगवेगळे पैलू तपासत नव्हते, एकूण मत बनवून तेच सगळ्या रकान्यांत उतरवत होते. हे उलटंही चालतं. एक गोष्ट खटकली की सगळंच खटकू लागतं.

शिक्षकांबाबतचा याचा सर्वांत बोलका पुरावा निस्बेट आणि विल्सन यांनी 1977 मध्ये दिला. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी एका शिक्षकाची चित्रफीत दाखवली. शिक्षक मूळचे बेल्जियमचे होते, त्यांचं इंग्रजी परदेशी वळणाचं होतं. एका गटाला दाखवलेल्या चित्रफितीत ते प्रेमळपणे, उत्साहाने उत्तरं देत होते. दुसऱ्या गटाच्या चित्रफितीत तेच शिक्षक थंड, तुसडे आणि मुलांवर अविश्वास दाखवणारे होते. मग मुलांना तीन गोष्टी विचारल्या. त्यांचं दिसणं, त्यांच्या लकबी आणि त्यांचे उच्चार कसे वाटले?

माणूस तोच, चेहरा तोच, उच्चारही तेच. तरीही प्रेमळ रूप पाहिलेल्यांना बहुतांशी त्यांचं दिसणं आणि लकबी आवडल्या. तुसडं रूप पाहिलेल्या बहुतेकांना त्याच गोष्टी त्रासदायक वाटल्या. त्याहून विशेष पुढे आहे. "शिक्षक आवडले की नाही, याचा तुमच्या या मतांवर परिणाम झाला का?" असं विचारल्यावर मुलांनी ठामपणे नाही म्हटलं. तुसडं रूप पाहिलेल्यांपैकी काहींना तर उलटंच वाटत होतं. उच्चार आणि लकबी खटकल्या म्हणून माणूस आवडला नाही, असं ते सांगत होते. म्हणजे आपल्या मताचं खरं कारण आपल्यालाच दिसत नाही, आणि विचारलं की मन दुसरं एखादं पटण्यासारखं कारण शोधून देतं. म्हणूनच "सर का आवडत नाहीत?" या प्रश्नाचं मुलाने दिलेलं उत्तर प्रामाणिक असलं तरी बरोबर असेलच असं नाही.

आता त्या बिल्डिंगमधल्या वहिनींकडे वळू. हॅरॉल्ड केली यांनी 1950 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत असंच काहीसं करून पाहिलं. वर्गावर एक बदली शिक्षक येणार होते. आधी त्यांची छापील ओळख वाटली. अर्ध्या मुलांच्या कागदावर इतर वर्णनाबरोबर 'खूप प्रेमळ' असं होतं, उरलेल्या अर्ध्यांच्या कागदावर त्याच जागी 'काहीसे थंड स्वभावाचे'. बाकी शब्द न् शब्द सारखा होता. तास सगळ्यांनी एकत्रच, एकाच खोलीत ऐकला. पण नंतर दोन गटांनी जणू दोन वेगळ्या माणसांबद्दल मत दिलं. चर्चेत भाग घेण्याचं प्रमाणही वेगळं निघालं. 'प्रेमळ' वाचलेल्यांपैकी 56 टक्के मुलं बोलली, 'थंड' वाचलेल्यांपैकी फक्त 32 टक्के. एका शब्दामुळे मुलांनी तोंड उघडायचं की नाही हे बदललं. आणि जो मुलगा प्रश्नच विचारत नाही, त्याला ते शिक्षक खरोखर कसे आहेत हे कळायचं कसं?

आमच्याकडे हे काम पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करतात. "यंदा गणिताला ते सर आलेत, सांभाळा" एवढा एक मेसेज पुरतो. माझं स्पष्ट मत असं आहे की शाळा सुरू व्हायच्या आधी शिक्षकांबद्दलची ऐकीव माहिती मुलांच्या कानावर पडू देऊ नये, चांगलीही नको.

वलय दोन्ही बाजूंनी असतं

तीन आठवड्यांनी मुलगी पुन्हा आली. पोटदुखी बरीच कमी झाली होती. व्हॅनमधली एक मुलगी डबा वाटून खाऊ लागली होती. पण आईच्या हातात गणिताची वही होती आणि वहीत लाल शेरा, 'लक्ष नाही. निष्काळजीपणा.'

"पाहिलंत डॉक्टर? लेकरू रात्री अकरापर्यंत बसतं आणि हे निष्काळजी म्हणतात!"

मी वही पाहिली. गणितं सोडवण्याची रीत बरोबर होती, पण आकडे चुकलेले होते. 38 च्या जागी 33, 6 च्या जागी 5. पाठ्यपुस्तकातली गणितं मात्र बरोबर होती. चुका फक्त फळ्यावरून उतरवून घेतलेल्या गणितांत होत्या.

"तू कुठे बसतेस?"

"शेवटून दुसऱ्या बाकावर. उंचीप्रमाणे बसवलंय."

"आणि जुन्या शाळेत?"

"पहिल्या."

दवाखान्यातल्या तक्त्यासमोर उभं केलं. उजवा डोळा 6/18, डावा 6/12. याचा अर्थ असा की निरोगी डोळा जी ओळ अठरा मीटरवरून वाचतो, ती तिला उजव्या डोळ्याने सहा मीटरवर यावं तेव्हा दिसते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रीतसर नंबर काढला, उजवा उणे सव्वा आणि डावा उणे पाऊण. आधीच्या शाळेत पहिल्या बाकावर बसून हे निभत होतं.

सर वाईट नव्हते. त्यांच्या समोर साठ मुलं होती. एक नवी मुलगी, तासाला गप्प, डोळे बारीक करून बघणारी, वहीत चुकीचे आकडे. पहिल्या एक-दोन वह्यांत 'निष्काळजी' हे मत बनलं आणि पुढची प्रत्येक चूक त्याच मताचा पुरावा ठरली. शिक्षकांकडूनही हे होतं, याचेही प्रयोग आहेत. क्लिफोर्ड आणि वॉल्स्टर यांनी 1973 मध्ये पाचवीच्या शिक्षकांना एकच प्रगतिपुस्तक दिलं, फक्त त्यावरचा मुलाचा फोटो बदलला. फोटोतलं मूल दिसायला गोड असेल, तर शिक्षकांना ते अधिक हुशार वाटलं आणि त्याचे पालकही शिक्षणात अधिक रस घेणारे असतील असं वाटलं. गुण तेच होते.

आणि मी? मी पहिल्या भेटीत 'नवी शाळा, पोटदुखी, ताण' एवढं ऐकलं आणि बाकी सगळं त्या चौकटीत बसवलं. डोळे तपासायला दोन मिनिटं लागली असती. सरांनी जे केलं तेच मीही केलं होतं.

'लक्ष नसलेल्या' मुलामागे काय असू शकतं ते पालकांनी लक्षात ठेवावं. सर्वांत आधी नजर. मग कान. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या कानात पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येतं, आणि मूल हाक मारली तरी वळत नाही. कधी रक्त कमी असतं, कधी झोप अपुरी असते. क्वचित फिट्सचा एक प्रकार असतो, ज्यात मूल काही सेकंद टक लावून थबकतं आणि लगेच पूर्ववत होतं. नव्या शिक्षकांकडून 'लक्ष नाही' असा शेरा आला, तर शिक्षकांशी भांडायच्या किंवा मुलाला रागवायच्या आधी नजर आणि कान तपासून घ्या.

चष्मा आल्यावर आई सरांना भेटायला निघाल्या. मी म्हटलं, "'तुम्ही तिला निष्काळजी म्हणालात' अशी सुरुवात नको. फळ्यावरच्या आणि पुस्तकातल्या गणितांची पानं समोर ठेवा आणि चष्म्याचा कागद दाखवा." त्यांनी तसंच केलं. सरांनी तिला दुसऱ्या बाकावर बसवलं आणि त्या दिवसापासून फळ्यावर आकडे मोठे काढू लागले, असं मुलीनेच सांगितलं.

एकूण मत नको, एकेक गोष्ट विचारा

वलयावर उपाय अवघड नाही, पण सवय लागते. 'चांगले की वाईट' हा प्रश्न सोडून वेगवेगळे प्रश्न विचारायचे, आणि उत्तरात प्रसंग मागायचा. सर कसे आहेत, याऐवजी काल तासाला काय झालं? ओरडले, तर कुणाला आणि कशावरून? शंका विचारली तर पुन्हा समजावतात का? वही तपासून देतात का, किती दिवसांनी? या मुलीला आईने घरी हे विचारलं तेव्हा निघालं ते असं. सर मोठ्याने बोलतात, हसत नाहीत, पण वही तिसऱ्या दिवशी तपासून मिळते आणि चुकलेली पायरी लाल शाईने लिहून दिलेली असते. सोन्यासारख्या बाई गोड बोलत होत्या, गोष्टी छान सांगत होत्या, पण जुलै संपत आला तरी वही एकदाही तपासली नव्हती. म्हणून बाई वाईट ठरत नाहीत. एवढंच कळतं की आवडणं वेगळं आणि शिकवणं वेगळं, दोन्हींचे रकाने वेगळे भरायला हवेत.

सवय होण्याचा हिशोबही शिक्षकांप्रमाणे बदलेल असं मला वाटतं. गणिताचे सर रोज दिसतात. चित्रकलेचे सर आठवड्यातून एकदा, म्हणजे गणपतीपर्यंत जेमतेम दहा वेळा. त्यांच्याबद्दलचं पहिलं मत बदलायला तेवढा जास्त काळ द्या.

वलयाचा एक धोका मात्र गंभीर आहे. सगळ्यांना आवडणारे, हसतमुख, पालकांशी अदबीने वागणारे शिक्षक किंवा क्लासचे सर चुकीचं वागतील यावर घरच्यांचा विश्वास बसत नाही. मूल म्हणालं की त्यांच्याजवळ बसायला नको वाटतं, ते हात लावतात, एकटीला थांबवतात, तर "छे, ते किती चांगले आहेत" हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. मुलाचं ऐका, विश्वास ठेवा, त्याला त्यांच्यासोबत एकटं सोडू नका आणि तक्रार करा. मदतीसाठी चाइल्डलाइनचा 1098 हा क्रमांक आहे.

पोटदुखीबद्दलही सांगायचं आहे. सकाळची, बेंबीजवळची, सुट्टीत गायब होणारी पोटदुखी बहुधा ताणाची असते, आणि ती खरी असते. मूल नाटक करत नसतं. पण दुखणं झोपेतून उठवत असेल, बेंबीपासून दूर एका बाजूला असेल, वजन घटत असेल, ताप, सतत उलट्या, शौचातून रक्त किंवा लघवीला जळजळ असेल, तर शाळेला दोष देत बसू नका, लगेच दाखवा. यांपैकी काही नसेल तर मुलाला शाळेत पाठवत राहा. घरी ठेवलं की त्या दिवशी बरं वाटतं, पण वर्गाची सवय व्हायचा एक दिवस वाया जातो आणि दुसऱ्या दिवशी पोट जास्त दुखतं. तीन-चार आठवडे उलटूनही दुखणं तसंच राहिलं किंवा मूल शाळेचं नाव काढताच घाबरू लागलं, तर पुन्हा या. मग पोटाबरोबर वर्गात नेमकं काय घडतंय तेही शोधावं लागतं.

ती मुलगी दिवाळीच्या सुट्टीत सर्दीसाठी आली होती. पोटाचा विषय निघाला नाही. व्हॅनमधल्या दोघी आता तिच्या खास मैत्रिणी आहेत. गणिताचे सर आवडू लागले का, असं विचारलं. "नाही," ती म्हणाली, "पण गणित येतं."